२८ नग, २ किलो ९३० ग्रॅम

ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी चार वर्षांची झाली. तिचे जन्मापासूनचे कपडे दोन बॅगांत भरून ठेवले आहेत. गेल्या वर्षी त्यातले ३० कपडे "चांगल्या स्थितीतले, ० ते ३ वर्षं" असं लिहून सोलापूरच्या एका बाईंना १५०० रुपयांना कुरियरने पाठवले. त्यांचं म्हणणं पडलं की निम्मे कपडे त्यांच्या मुलीला लहान होतात, दोन फ्रॉकवर डाग आहेत आणि मोजून २६च भरतात. कुरियरवाल्यानेही वजनाच्या दुप्पट पैसे लावले. मी निम्मी रक्कम परत केली, पण मनाला फार लागलं, कारण मी खोटं काही लिहिलं नव्हतं. अजून ४६ कपडे उरलेत. नग, मापं, स्थिती आणि वजन नेमकं कसं लिहू म्हणजे पुन्हा असं होणार नाही?
— एक आई, चिंचवड

तुम्हाला सप्रेम नमस्कार.

४६ कपड्यांचा एकच लॉट करू नका, हे सगळ्यात आधी सांगते. घेणारीच्या घरी एक मूल असतं आणि त्याचं आजचं एक माप असतं. त्या मापाचे आणि त्याच्या पुढच्या मापाचे कपडे मिळाले तर ती खूश होते. बाकीचे कितीही सुंदर असले तरी तिच्या दृष्टीने ते फुकट गेलेले पैसे असतात. "० ते ३ वर्षं" हे लिहिणं खोटं नसतं, पण त्या तीन वर्षांत मूल जवळपास दुप्पट उंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलींची मधली उंची जन्मतः ४९ सेंमी, पहिल्या वाढदिवसाला ७४, दुसऱ्याला ८६ आणि तिसऱ्याला ९५ सेंमी दिलेली आहे. म्हणजे पहिल्या वर्षात २५ सेंमी, दुसऱ्यात १२ आणि तिसऱ्यात ९. म्हणूनच पहिल्या वर्षाची लेबलं तीन-तीन महिन्यांची असतात, मग सहा-सहा महिन्यांची होतात आणि दोन वर्षांनंतर वर्षावर येतात. लॉटही तसेच पाडावेत. पहिल्या वर्षाचा एक, साधारण एक ते दोन वर्षांचा एक, दोन ते तीनचा एक. चळती लहान झाल्या तरी चालतील. १५ नगांचा नेमका लॉट ४६ नगांच्या खिचडीपेक्षा लवकर जातो, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

आता मापाचं. लेबलवरचं वय वाचून चळत लावू नका. कपडा हातात घ्या आणि टेप लावा. युरोपीय मापाच्या कपड्यांवर वयाबरोबर उंचीही छापलेली असते, आणि तिथे १८ ते २४ महिन्यांच्या कपड्यावर बहुधा ९२ सेंमी लिहिलेलं दिसतं. आपण वर पाहिलं की दोन वर्षांच्या मुलीची मधली उंची ८६ आहे. त्यामुळे असा कपडा आपल्याकडच्या पुष्कळ मुलींना अडीच वर्षांपर्यंतही नीट बसतो. उलट बाजारातून घेतलेला सुती फ्रॉक चार धुण्यांत आटतो आणि "२-३ वर्षं" लिहिलेला असूनही दीड वर्षाच्या मुलीला बसतो. शिवाय आपल्या दुकानांत फ्रॉकला १६, १८, २० असे नंबर असतात, ते वेगळेच. तीन भाषांतली लेबलं एका ढिगात आली की आपण स्वतःच चुकतो आणि घेणारीलाही चुकवतो.

सगळेच्या सगळे कपडे मोजायची गरज नाही. प्रत्येक चळतीतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा कपडा तेवढा मोजा. वरचा कपडा जमिनीवर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर घ्या, आणि खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची उंची घ्या. पँटची कंबर सपाट पसरून, इलॅस्टिक न ताणता मोजा आणि कमरेपासून पायाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. हे चार आकडे "लहानात लहान" आणि "मोठ्यात मोठा" अशा दोन टोकांनी लिहिले की घेणारी आपल्या मुलीचा एखादा बसणारा फ्रॉक काढून टेप लावते आणि दोन मिनिटांत तिचं तिला कळतं. वय लिहा, पण ते दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर उंची सेंटिमीटरमध्ये.

स्थितीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लॉटमध्ये मतभेद होतात ते इथेच. नग मोजता येतात, वजन काट्यावर दिसतं, माप टेपवर दिसतं. "चांगला" हा शब्द मात्र ज्याच्या त्याच्या मनात असतो. तुमच्या मुलीचा आवडता फ्रॉक तुम्हाला चांगलाच दिसणार, कारण तुम्हाला त्यात ती दिसते.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात दर महिन्याला बोहारीण यायची. आई पायरीवर कपडे मांडायची आणि बोहारीण एकेक उचलायची. ती कपड्याकडे आधी बघायचीच नाही. पँट असली की थेट आत हात घालायची, दोन पायांच्या मधल्या शिवणीपाशी बोटं पसरायची आणि तो हात उजेडाकडे धरायची. कापड विरलेलं असलं की तिची बोटं बाहेरून मोजता यायची. मग शर्टाची कॉलर उलटी करायची, काखेची शिवण दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणायची, गुडघ्यावरून तळवा फिरवायची. एवढं झालं की कपडा डाव्या ढिगात किंवा उजव्या ढिगात. पातेलं द्यायचं की नुसता चमचा, हे तिथेच ठरायचं. मी आजही कपडे निवडते ते तिच्याच पद्धतीने, आणि तुम्हीही तसंच करा. भर दुपारी, खिडकीपाशी, ट्यूबलाइटच्या उजेडात नव्हे. लहान मुलांच्या कपड्यांत आणखी दोन जागा बघायच्या. एक म्हणजे इलॅस्टिक. ते दुप्पट ताणून सोडा. झटकन जागेवर आलं तर ठीक, सुस्तपणे परत आलं किंवा आतून करकर आवाज आला तर ते गेलेलं आहे. दुसरी म्हणजे टिच बटणं. सगळी लावून उघडून बघा, गंज चढलेला असेल तर कापडावर तांबूस गोल उमटलेला असतो.

डागांची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्या त्या दोन फ्रॉकचं मला वाटतं हेच झालं असावं. बाळाने दूध ओकलेलं असतं, आपण कपडा धुतो, डाग दिसत नाही, घडी घालून ठेवतो. पण दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश साध्या धुण्यात पूर्ण निघालेले नसतात. बंद बॅगेत वर्ष-सहा महिने गेले की ते हवेने हळूहळू पिवळे पडतात. म्हणजे तुम्ही ठेवताना कपडा खरोखर स्वच्छ होता, काढताना नव्हता. म्हणून ठेवणीतले कपडे बॅगेतून काढून थेट पाठवायचे नाहीत. छातीचा भाग आणि गळा उन्हात धरून बघायचा. पिवळी छटा दिसली तर इस्त्री अजिबात फिरवू नका, उष्णतेने ती पक्की बसते. एन्झाइमवाल्या धुण्याच्या पावडरीत कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवा, चोळून धुवा आणि उन्हात वाळवा. सुती कपड्यांवरचे बरेच डाग निघतात. लोकरीचे आणि रेशमी कपडे मात्र या पावडरीत घालू नका, त्यांचे धागेच प्रथिनांचे असतात आणि ती पावडर त्यांनाही खाते.

आणि एक गोष्ट कळकळीने विचारते. बॅगेत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्यात का? त्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांमध्ये जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते आणि ती घरच्यांना माहीतही नसते. अशा बाळांना गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी वापरल्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तेव्हा कपड्यांना तो वास येत असेल तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत कित्येक दिवस उघड्या हवेत आणि उन्हात ठेवा, आणि घेणारीला स्पष्ट सांगा. पहिल्या वर्षाच्या कपड्यांना वास राहिलाच तर ते विकू नका. इथे सवलत नाही.

श्रेणी द्यायची ती आपल्या घरातल्याच शब्दांत द्या. अ, ब, क लिहिलं की प्रत्येकीचा अ वेगळा. मी तीनच शब्द वापरते. "नवा" म्हणजे एकदाही न घातलेला, टॅग असो वा नसो. "बाहेर घालायचा" म्हणजे वापरलेला, पण डाग, भोक, उसवलेली शिवण, विरलेला भाग, गेलेलं इलॅस्टिक यांपैकी काहीही नाही, फार तर रंग जरासा उतरलेला. "घरात घालायचा" म्हणजे यांतला किंवा असाच एखादा किरकोळ दोष, आणि तो मूल घालताना अडचण करणारा नाही. गुडघ्यावर कापडाचे गोळे आलेला पायजमा किंवा मागच्या काठावर शाईचा ठिपका असलेला टी-शर्ट इथे येतो. प्रत्येक आईला बाहेरचे आणि घरातले कपडे यांतला फरक न सांगता कळतो, म्हणून हे शब्द कामाचे आहेत. यापलीकडचं काही लॉटमध्ये घालायचं नाही. "आहे तसा असू दे, नग वाढेल" हा मोह आवरा. घेणारी पिशवी उघडते तेव्हा तिच्या लक्षात राहतो तो सर्वांत खराब कपडा, आणि उरलेले सगळे ती त्याच नजरेने बघते.

नगांचा हिशेब तुमचा का चुकला ते पत्रावरून सांगता येत नाही, पण चारचा फरक आला म्हणजे बहुधा मोजे, लाळेरी किंवा टोपडी मोजणीत धरली गेली असणार. तुम्ही मोज्यांची जोडी एक नग धरलीत आणि त्यांनी ती कपड्यांत धरलीच नाही, एवढ्याने वाद होतो. माझा नियम असा: अंगात घालायचा प्रत्येक सुटा कपडा एक नग. कुर्ता आणि पायजमा म्हणजे दोन नग, पण शेजारी "यात २ जोड आहेत" असं लिहायचं. मोजे, टोपडी, लाळेरी, हातमोजे नगांत धरायचे नाहीत. ते "वरकड" म्हणून वेगळे सांगायचे आणि त्यांचे पैसे लावायचे नाहीत. एकदा हे ठरलं की फोटोही तसाच काढता येतो. सगळे नग चादरीवर ओळीने मांडून वरून एकच फोटो काढा, ओळीत सात-सात, म्हणजे बघणारीला फोटोतच मोजता येतील.

वजनाकडे बहुतेकजणी कुरियरपुरतं बघतात. वजन त्याहून जास्त सांगतं. एकूण वजनाला नगांनी भागलं की सरासरी एका नगाचं वजन मिळतं, आणि जाणकार घेणारी आधी तेच काढते. माझ्या काट्यावर नवजात बाळाचं झबलं ३० ते ४० ग्रॅम भरतं, दोन-तीन वर्षांच्या मुलाचा सुती टी-शर्ट ८० ते १०० आणि त्याच वयाची जीन्स २०० च्या आसपास. आता कुणी "२ ते ३ वर्षं, ५० नग, २ किलो" असं लिहिलं तर सरासरी ४० ग्रॅम येते. या मापाचा कपडा एवढा हलका नसतो. म्हणजे एकतर नगांत मोजे धरलेत किंवा मापं लहान आहेत. नग, माप आणि वजन हे तिन्ही आकडे एकमेकांची साक्ष काढतात. म्हणून वजन लिहिलेला लॉट विश्वासाचा वाटतो, आणि लिहिण्याआधी तुम्हीच भागाकार करून पाहिलात तर तुमची स्वतःची चूकही तिथेच सापडते.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचे कपडे आम्ही दोघींनी बसून काढले. तो हिशेब जसाच्या तसा देते, कारण तुमच्या ४६ कपड्यांना तोच लावता येईल. एकूण ५८ निघाले. उजेडात बघताना ९ बाजूला गेले: तिघांची बैठक विरलेली, दोघांचं इलॅस्टिक गेलेलं, चार डागांचे. उरले ४९. टेप लावल्यावर त्यांच्या दोन चळती झाल्या, पहिल्या वर्षाचे २१ आणि ८६ ते ९८ सेंमी उंचीचे, म्हणजे अंदाजे दोन ते तीन वर्षांचे, २८. मधल्या वर्षाचे कपडे तिने आधीच भाच्याला दिले होते.

या २८ मध्ये ११ टी-शर्ट, ६ अर्ध्या चड्ड्या, २ जीन्स आणि ३ साध्या फुल पँटी, कुर्ता-पायजम्याचे २ जोड म्हणजे ४ नग, एक शर्ट आणि एक स्वेटर. काट्यावर भरले २ किलो ९३० ग्रॅम. भागाकार केला, सरासरी जवळजवळ १०५ ग्रॅम. या मापाला शोभणारी. पहिल्या वर्षाच्या २१ नगांचं वजन १ किलो १५०, सरासरी ५५. तेही बरोबर. दुसऱ्या चळतीत १९ "बाहेर घालायचे" आणि ९ "घरात घालायचे" ठरले.

काटा कुठला, हेही महत्त्वाचं. माणसं उभी राहतात त्या काट्यावर तीन किलोचं वजन बघू नका, एवढ्या कमी वजनाला तो भरवशाचा नसतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर पाचशे-सातशे ग्रॅमचे गठ्ठे करून मोजा आणि बेरीज करा. प्रवासाची बॅग टांगून मोजायचा हुकवाला काटाही चालतो. काहीच नसेल तर पिशवी घेऊन किराणा दुकानात जा. त्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा पडताळणीचा शिक्का असतो, वाद झाला तर ते वजन सांगायला बरं पडतं. कपडे उन्हात वाळवून, पण गार झाल्यावर वजन करा. सूत हवेतलं पाणी धरून ठेवतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही कोरड्या सुताच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतंच, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याहून जास्त. तीन किलोच्या सुती लॉटमध्ये जुलैत आणि मार्चमध्ये शंभर ग्रॅमचा फरक सहज पडू शकतो. तेव्हा लिहिताना "सुमारे २.९ किलो, फक्त कपड्यांचं" असं लिहा. पॅकिंगसह किती, हे वेगळं.

तुमच्या कुरियरवाल्याने दुप्पट पैसे का लावले ते आता सांगते. तुम्ही कपडे खोक्यात घातले असणार. कुरियर कंपन्या खरं वजन आणि आकाराचं वजन यांपैकी जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, उत्तर किलोत येतं. काही ठिकाणी भाजक याहून लहान असतो, तेव्हा आकडा आणखी वाढतो. जावेने आधी ४० बाय ३० बाय २५ चं खोकं आणलं होतं. गुणाकार ३०,०००, भागिले ५०००, झाले ६ किलो. आत कपडे तीन किलोसुद्धा नाहीत! मग तेच कपडे आम्ही सपाट घड्या घालून, हवा दाबून, जाड प्लास्टिकच्या पाकिटात भरले. ४० बाय ३० बाय १२. आकाराचं वजन २.८८ किलो. खरं वजन पाकिटाचे ४० ग्रॅम धरून २ किलो ९७०. पैसे तीन किलोचे लागले. बरेच कुरियरवाले अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारतात, म्हणून तीन किलो ओलांडून पन्नास ग्रॅम जरी वर गेलो असतो तरी साडेतीनचे पडले असते. तुम्हीही लॉटचं वजन टप्प्याच्या जरासं खाली राहील असं बघा. एखादी जड जीन्स या चळतीतून त्या चळतीत नेऊ नका मात्र, माप बिघडेल. त्यापेक्षा ती सरळ बाजूला काढून नग एकने कमी लिहा.

किलोच्या भावाने विकू नका. लोक विचारतात, "किलोला किती?" पण वजनाने विकलं की जुनी जीन्स महाग आणि खणाचं परकर-पोलकं स्वस्त ठरतं. मुलीच्या कपड्यांत हा अन्याय फार होतो, कारण तिचे सर्वांत देखणे कपडे हलके असतात. आम्ही बाहेर घालायच्या १९ नगांना प्रत्येकी ६० रुपये धरले, घरातल्या ९ ना २०. झाले ११४० आणि १८०, मिळून १३२०. मागितले १३०० आणि कुरियर घेणारीकडे. हे आकडे आमचे, तुमच्या कपड्यांचे तुम्ही ठरवा. फक्त आधी श्रेणीनिहाय बेरीज करा आणि मग एक गोल आकडा सांगा. कुणी विचारलं "१३०० कसे?" तर तुमच्याकडे उत्तर असतं. परकर-पोलकं, बारशाचा किंवा वाढदिवसाचा झगा असे एक-दोन खास कपडे असतील तर ते लॉटमध्ये ढकलू नका, वेगळे ठेवा.

लिहिलेला मजकूर असा होता:

"मुलाचे वापरलेले कपडे, २८ नग. उंची ८६ ते ९८ सेंमी, अंदाजे २ ते ३ वर्षं. टी-शर्ट ११, अर्ध्या चड्ड्या ६, फुल पँट ५ (त्यात जीन्स २), कुर्ता-पायजमा २ जोड (४ नग), शर्ट १, स्वेटर १. टी-शर्टची छाती सपाट मोजून २७ ते ३१ सेंमी, उंची ३६ ते ४२. पँटची कंबर सपाट, न ताणता २१ ते २४ सेंमी, लांबी ४८ ते ५७. बाहेर घालायचे १९, घरात घालायचे ९. दोष: २ टी-शर्टवर फिकट डाग, ४ चड्ड्यांचा रंग बराच उतरलेला, २ पँटींच्या गुडघ्यावर गोळे, स्वेटरचं एक बटण बदललेलं. सगळ्यांचे फोटो दिले आहेत. भोक, उसवण, सैल इलॅस्टिक एकालाही नाही. धुऊन उन्हात वाळवलेले, डांबराच्या गोळ्या वापरलेल्या नाहीत. कपड्यांचं वजन सुमारे २.९ किलो, पॅकिंगसह ३ किलोच्या आत. वरकड: मोजे ४ जोड्या. किंमत १३०० रुपये, कुरियर वेगळं."

बघा, दोषांचे नगही ९ भरतात: दोन, चार, दोन आणि एक. "घरात घालायचे ९" आणि दोषांची बेरीज जुळली पाहिजे. जुळली नाही तर एखादा दोष लिहायचा राहिलाय. दोषाचा फोटो काढताना शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवा. नुसत्या फोटोत मुगाएवढा डाग हाताएवढा दिसतो आणि हाताएवढा मुगाएवढा.

हा लॉट लातूरच्या एका बाईंनी घेतला. पैसे देण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, स्वेटर लोकरीचा की ॲक्रिलिकचा. ते लिहायचं आमच्याकडून राहिलं होतं. तुम्ही लिहा.

पाठवण्याआधी पाकीट काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा एक फोटो घेणारीला पाठवा, आणि तिला सांगा की उघडताना मोजून घ्या, काही कमी-जास्त असेल तर दोन दिवसांत कळवा. एखादा नग खरोखर तुमच्या वर्णनापेक्षा खराब निघाला तर त्या एका नगाचे पैसे परत द्या, ६० किंवा २०. गेल्या वेळी तुम्हाला निम्मी रक्कम द्यावी लागली, कारण लॉटची एकच किंमत होती आणि एका नगाची किंमत कुणालाच माहीत नव्हती.

तुमच्या ४६ मधली अगदी पहिल्या तीन महिन्यांची झबली, टोपडी, दुपटी मात्र विकायला काढू नका असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत बारशापर्यंत बाळाला मुद्दाम जुने, मऊ झालेले कपडे घालतात, पण ते ओळखीच्या घरातले हवे असतात. अनोळखी माणसाकडून ते फारसं कुणी विकत घेत नाही आणि किंमतही येत नाही. तुमच्या इमारतीत किंवा नात्यात कुणाला दिवस गेले असतील तर ते धुऊन, झबली एका पिशवीत आणि दुपटी दुसरीत घालून द्या. जावेच्या २१ नगांपैकी ८ असेच शेजारच्या सुनेकडे गेले. उरलेले १३ आम्ही ५०० रुपयांना विकले. आणि ते बाजूला काढलेले नऊ? त्यांची बटणं काढून डबीत ठेवली आणि कापड सासूबाईंच्या गोधडीत लागलं.